तवा कोणता, हे उलथण्याला विचारा

नॉनस्टिक तव्याच्या खोक्यात घडी घातलेले एक छोटे माहितीपत्रक असते. बहुतेक घरांत ते खोक्यासकट रद्दीत जाते. ते वाचले तर त्यात साधारण तीन सूचना सापडतात: आच मंद किंवा मध्यम ठेवा, लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा वापरा आणि तवा रिकामा तापवू नका. आता सकाळी सातचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. डबे भरायचे आहेत, म्हणून गॅस मोठा आहे. पहिली पोळी लाटून होईपर्यंत तवा रिकामाच तापतो आहे. शेजारच्या कढईत फोडणी होऊन भाजी पडली आहे आणि तळाला लागू नये म्हणून स्टीलच्या उलथण्याने ती खरवडली जाते आहे. पंधरा मिनिटांत तिन्ही सूचना मोडल्या आणि त्यात स्वयंपाक करणारीची काहीच चूक नाही. आपला स्वयंपाक असाच होतो. भांडे मात्र दुसऱ्या प्रकारच्या स्वयंपाकासाठी बनवलेले आहे.

म्हणून बीड, हार्ड अॅनोडाइज्ड आणि नॉनस्टिक यांतले ‘सर्वांत आरोग्यदायी’ कोणते, असा मोघम प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. प्रश्न नेमका हवा: रोज, मोठ्या आचेवर, धातूच्या उलथण्याने करायच्या स्वयंपाकाला कोणते भांडे चालेल? असा प्रश्न ठेवला की उत्तर बरेच सरळ मिळते. बीड, किंवा जाड लोखंड. कोटिंग नसलेले हार्ड अॅनोडाइज्ड भांडे दुसऱ्या क्रमांकावर. नॉनस्टिक या कामासाठी नाहीच. त्याचे काम वेगळे आहे.

महाराष्ट्रात जुन्या पिढीतली माणसे नॉनस्टिकला अजूनही ‘निर्लेप’ म्हणतात. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यातून निघालेल्या भांड्यांचे ते नाव पुढे त्या जातीच्या सगळ्याच भांड्यांना चिकटले. या भांड्यांवरचा गुळगुळीत थर पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा असतो. रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये तो अपघाताने सापडला, आणि टेफ्लॉन हे त्याचे व्यापारी नाव पुढे घरोघरी पोहोचले. या पदार्थाला जवळपास काहीच चिकटत नाही आणि तो कशाशी सहसा रासायनिक क्रियाही करत नाही. त्यामुळे त्याचा एखादा कण पोटात गेला, तर तो न पचता तसाच बाहेर पडतो. इथपर्यंत काळजीचे फारसे कारण नाही.

अडचण उष्णतेची आहे. साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे हा थर हळूहळू खराब होऊ लागतो. ३२७ अंशांच्या आसपास तो वितळतो आणि ३५० अंशांच्या पुढे त्याचे विघटन वेगाने होऊन विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. ते श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, छातीत जड वाटते. फ्लूसारखे वाटणारे हे दुखणे बहुतेकदा एकदोन दिवसांत जाते, आणि त्यामुळेच त्याचा संबंध भांड्याशी कोणी जोडत नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे मात्र तसे नसते. त्यांची श्वसनसंस्था इतकी कार्यक्षम असते की स्वयंपाकघरात जळलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या धुराने पोपट, लव्हबर्ड दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकांकडे आहेत. घरात पक्षी असेल, तर नॉनस्टिक भांडे मोठ्या आचेवर न चढवण्याला हे एक कारण पुरेसे आहे.

पण २६० अंश म्हणजे घरगुती गॅसवर खूपच झाले, असे वाटू शकते. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, अॅल्युमिनियमचा अर्धा किलो वजनाचा नॉनस्टिक तवा आहे. एक ग्रॅम अॅल्युमिनियम एका अंशाने तापवायला सुमारे ०.९ ज्यूल उष्णता लागते. खोलीच्या ३० अंशांवरून २६० अंशांपर्यंत नेण्यासाठी एकूण एक लाख ज्यूलच्या थोडी वर उष्णता लागेल. घरातला मोठा बर्नर पूर्ण उघडला की साधारण दोन किलोवॉट उष्णता देतो. त्यातली निम्मी बाजूने वाया गेली असे धरले, तरी दर सेकंदाला हजार ज्यूल तव्यात शिरतात. म्हणजे शंभर-सव्वाशे सेकंद. तापलेला तवाही थोडी उष्णता बाहेर टाकत असतो, ते जमेस धरून अडीच मिनिटे म्हणा. दाराची बेल वाजली, पार्सल घेतले, सही केली, दोन शब्द बोलून दार लावले, तेवढ्यात तवा धोक्याच्या रेषेला पोहोचलेला असतो. त्यानंतरही आच तशीच राहिली, तर ३०० अंशांचा टप्पा काही दूर नसतो.

हीच गोष्ट तेल घातलेल्या कढईत मात्र सहसा होत नाही, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. रिफाइंड शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल साधारण २३० अंशांजवळ धूर सोडू लागते. घाण्याचे तेल तर त्याच्या बरेच आधी. म्हणजे तेल हा फुकटचा तापमापक आहे. कोटिंगला धोका होण्याआधी तेलाचा धूर नाकात जातो, डोळे चुरचुरतात आणि हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. पाणी, दही, कांदा, भाजी आत असेल, तर तापमान आणखी खाली राहते. पोळीच्या तव्यावर यातले काहीच नसते. तो कोरडा असतो, दोन पोळ्यांच्या मध्ये रिकामा असतो आणि पोळी फुगावी म्हणून मुद्दाम कडक तापवलेला असतो. त्यामुळे घरातली एखादी नॉनस्टिक वस्तू आज काढून टाकायची असेल, तर ती पोळीचा तवा असावी. कढई, आप्पेपात्र, घावनाचा तवा यांचा विचार नंतर केला तरी चालेल.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत तर टेफ्लॉनचे कोटिंग असलेली भांडी १७० अंशांच्या वर तापवू नयेत, अशा अर्थाचा इशारा आहे. ही रेषा बरीच सावध आहे. साधे तळणही १७०-१८० अंशांवर चालते. इतक्या तापमानाला थर तुटू लागतो असे नाही. पण ज्या देशात पोळीचा तवाही नॉनस्टिक विकत घेतला जातो आणि गॅसला तापमानाचा काटा नसतो, तिथे सरकारी संस्थेने रेषा अलीकडे ओढली, तर तिला दोष देता येणार नाही.

आता उलथण्याकडे वळू. नॉनस्टिकचा थर दोन किंवा तीन पदरांचा असला, तरी त्याची एकूण जाडी बहुधा डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी भरते. हे प्लास्टिक मऊ असते, स्टील त्याच्या कितीतरी पट कठीण. त्यामुळे ओरखडा पडणे हा निष्काळजीपणा नसून दोन पदार्थांच्या कठीणपणाचा सरळ परिणाम आहे. पहिला बारीक ओरखडा दिसतही नाही. त्या खाचेत पिठले किंवा बटाट्याचा स्टार्च अडकतो आणि तिथे करपतो. ते काढायला पुन्हा उलथणे, मग तारेची घासणी. खाच रुंदावते, थराची कड मोकळी होते आणि खालचे चकचकीत अॅल्युमिनियम दिसू लागते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नॉनस्टिकवरच्या एका भेगेतून सुमारे ९,१०० सूक्ष्म प्लास्टिक कण सुटू शकतात, असा अंदाज मांडला होता. त्या कणांनी नेमका किती अपाय होतो, हे त्या आकड्यावरून सिद्ध होत नाही. पण अन्नात प्लास्टिकचे कण यावेत, यासाठी पैसे मोजण्याचेही कारण नाही. अन्न चिकटू लागले किंवा खालचा धातू दिसू लागला, की ते भांडे संपले असे समजावे. ‘अजून चालतंय की’ म्हणून त्यात चिंच-टोमॅटोचे आंबट पदार्थ शिजवत राहिल्यास उघडे पडलेले अॅल्युमिनियम थोडे थोडे अन्नात उतरते.

काही भांड्यांवर ‘धातूचा चमचा चालेल’ असे छापलेले असते. त्यांच्या थरात कठीण खनिजांचे बारीक कण मिसळलेले असतात आणि साध्या कोटिंगपेक्षा तो जास्त टिकतो, हे खरे. पण वरचा गुळगुळीतपणा येतो तो त्याच मऊ प्लास्टिकमुळे. ‘चालेल’ याचा अर्थ लगेच बिघडणार नाही, एवढाच घ्यावा.

दुसरा शिक्का ‘पीएफओए-मुक्त’ असा असतो, आणि त्याने जास्त दिशाभूल होते. पीएफओए हे नॉनस्टिकचे प्लास्टिक बनवताना वापरले जाणारे रसायन होते. ते पाण्यात आणि शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. त्याचा मोठा फटका बसला तो कारखान्यांतल्या कामगारांना आणि कारखान्यांभोवतीचे पाणी पिणाऱ्यांना. तयार भांड्यात त्याचा अंश फारच थोडा उरत असे. आता बहुतेक मोठ्या उत्पादकांनी त्याचा वापर थांबवला आहे. म्हणजे हा शिक्का भांडे कसे बनवले ते सांगतो. ते किती आच सोसेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘पीएफओए-मुक्त’ तवाही रिकामा तापवला, तर त्याच तापमानाला बिघडतो.

हार्ड अॅनोडाइज्ड भांडी याच्याहून पुष्कळ टणक असतात, पण त्यांच्याबद्दल गैरसमजही तेवढेच आहेत. हे भांडे मुळात अॅल्युमिनियमचेच असते. ते थंडगार ठेवलेल्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून त्यातून वीज सोडतात. त्यामुळे पृष्ठभागावरच्या अॅल्युमिनियमचे ऑक्साइड बनते. माणिक आणि नीलम ही रत्ने याच ऑक्साइडची, म्हणून हा करडा थर स्टीलपेक्षाही कठीण असतो. तो वरून फासलेला नसून धातूतूनच उगवलेला असल्याने पापुद्र्यासारखा सुटत नाही. प्लास्टिक नसल्यामुळे घरगुती गॅसच्या आचेने त्यातून विषारी धूर निघण्याचा प्रश्न येत नाही. आंबट पदार्थांनाही तो साध्या अॅल्युमिनियमपेक्षा खूपच चांगला तोंड देतो.

मग धातूचे उलथणे त्याला खुशाल चालते का? फिरवायला चालते, ठोकायला नाही. थर कठीण आहे, पण पातळ आहे आणि त्याच्याखाली मऊ अॅल्युमिनियम आहे. गादीवर काचेची फरशी ठेवावी तशी ही रचना. सपाट उलथणे त्यावर घासले तर काही होत नाही. पण झाऱ्यातले तेल निथळवायला तो कढईच्या काठावर टणटण आपटला, किंवा उलथण्याचा टोकदार कोपरा एकाच जागी टोचत राहिला, की थर तडकतो आणि तिथून अन्न चिकटायला सुरुवात होते. कधी कधी या भांड्यात चंदेरी रेघा दिसतात आणि कोटिंग गेले म्हणून घरात गोंधळ उडतो. आधी त्या रेघेवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही आणि भांड्याच्या पावडरने घासल्यावर रेघ पुसट झाली, तर तो ओरखडा नाही. मऊ चमच्याचाच धातू कठीण थरावर घासून उमटलेला असतो, पाटीवर पेन्सिल उमटते तसा. या थराचा खरा शत्रू वेगळाच आहे: धुण्याचा सोडा आणि डिशवॉशरमधली तीव्र अल्कली पावडर. करपलेले भांडे सोड्याच्या पाण्यात उकळायची जुनी युक्ती इथे वापरली, तर महागडे भांडे पांढुरके, डागाळलेले होऊन बाहेर येते.

बाजारात खरी गफलत आहे ती पुढे. ‘हार्ड अॅनोडाइज्ड’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ भांडी बाहेरून तशी असतात आणि आतून मात्र त्यांना नॉनस्टिकचे कोटिंग असते. नाव ठळक अक्षरांत ‘हार्ड अॅनोडाइज्ड’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘नॉनस्टिक’. गिऱ्हाईक टणकपणाचे पैसे देते आणि घरी आणते तोच मऊ प्लास्टिकचा थर. उलथणे लागते ते आतून, गॅसची आच सोसतो तोही आतला थर. तेव्हा बाहेरच्या थराच्या कठीणपणाचा इथे काडीचा उपयोग नाही. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. भांडे साबणाने स्वच्छ धुऊन तेलकटपणा घालवायचा, पुसायचे आणि आत पाण्याचे थेंब टाकायचे. नॉनस्टिकवर थेंब अळूच्या पानावरच्यासारखे गोल होऊन घरंगळतात. नुसत्या अॅनोडाइज्ड थरावर ते पसरट होऊन बसतात. दुकानात हे करता येत नसेल, तर एकच प्रश्न विचारावा: ‘यात अंडं तेलाशिवाय सुटतं का?’ विक्रेता अभिमानाने ‘हो’ म्हणाला, की ते नॉनस्टिक. कोटिंग नसलेल्या हार्ड अॅनोडाइज्ड भांड्यात अन्न चिकटते. भांडे आधी तापवून मग तेल घातले की कमी चिकटते, एवढेच.

राहिले बीड. ओतीव लोखंडाला मराठीत हा नेमका शब्द आहे, आणि बिडाचा तवा ही काही परदेशातून आलेली नवी फॅशन नव्हे. वितळलेले लोखंड साच्यात ओतून तो बनतो. त्यात कर्बाचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते, म्हणून तो कडक असतो, पण ठिसूळही असतो. पत्र्याचा लोखंडी तवा पडला तर वाकतो, बिडाचा फुटतो. अॅल्युमिनियमच्या तुलनेत बिडातून उष्णता सुमारे चौपट हळू पसरते. त्यामुळे तो मोठ्या गॅसवर एकदम ठेवला, तर मध्यभाग पोळतो आणि कडा थंड राहतात. त्याला पाचसात मिनिटे मध्यम आचेवर तापू द्यावे लागते. घाईच्या सकाळी ही खरी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. उपाय एवढाच, की कणीक मळायला घेताना तवा गॅसवर चढवायचा.

या हळूपणाच्या बदल्यात काय मिळते, ते भेंडीच्या भाजीत दिसते. भेंडी कोरडी झाली पाहिजे. तिच्यातले पाणी लवकर उडाले नाही, तर तार सुटते आणि भाजी बुळबुळीत होते. दोन किलोची बिडाची कढई २२० अंशांपर्यंत तापली आहे आणि भेंडी पडल्यावर ती १२० अंशांपर्यंत उतरते, असे समजू. एक ग्रॅम लोखंड एक अंश उतरताना सुमारे ०.४६ ज्यूल उष्णता सोडते. म्हणजे या शंभर अंशांत कढई ९२ हजार ज्यूल भेंडीला देते. एवढ्या उष्णतेत ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे पाणी, उडून जाते. गॅसची उष्णता आणखी वेगळीच. अर्ध्या किलोच्या अॅल्युमिनियमच्या कढईकडे साठलेली उष्णता याच्या निम्मीच असते. तिच्यात भेंडी आधी शिजते आणि मग कोरडी होते. इथे अॅल्युमिनियमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी: हीच कढई जाड, एक किलो वजनाची असेल, तर ती बिडाइतकीच उष्णता साठवते. वजन कमी म्हणून घेतलेले पातळ भांडे मोठ्या आचेच्या कामाला कमी पडते, मग ते कोणत्याही धातूचे असो.

बिडावर न चिकटणारा जो काळा थर दिसतो, तो तेलाचाच असतो. तेलाचा पातळ पदर लोखंडावर धूर येईपर्यंत तापवला, की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडाला घट्ट धरून बसणारा कडक लेप तयार होतो. तवा मुरवणे म्हणतात ते हेच. नवा तवा आधी साबणाने आणि घासणीने खसखसून धुवावा, कारण गंजू नये म्हणून त्याला तेल, मेण, कधी काळा रंगही फासलेला असतो. पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग लागत असेल, तर पुन्हा घासावा. मग गॅसवर पूर्ण कोरडा करून, कोमट असताना शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे चमचाभर तेल आतबाहेर चोळावे आणि लगेच स्वच्छ फडक्याने असे पुसावे, की जणू तेल लावलेच नव्हते. त्यानंतर मध्यम आचेवर दहापंधरा मिनिटे, धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा आणि निवू द्यावा. असे तीनचार वेळा केले की तवा वापरायला तयार होतो.

बहुतेकांचे चुकते ते पुसण्यात. तेल जास्त राहिले तर ते गुंफले न जाता डिंकासारखे चिकट होते, बोटाला लागते, आणि मग ‘बिडाचा तवा चिकटच असतो’ असा त्याच्यावर ठपका बसतो. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासायची जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. कांद्यात काही जादू नाही, पण तो तेल अगदी पातळ पसरवतो. जवसाच्या तेलाने मुरवण्याची शिफारस अलीकडे बरीच ऐकू येते. तो लेप दिसतो सुंदर, पण पुढे कपच्या होऊन सुटतो. आपले रोजचे तेल बरे.

आता या लेपावर स्टीलचे उलथणे चालवले तर? थोडा लेप निघतो, आणि त्याने काही बिघडत नाही. पुढच्या फोडणीचे तेल तीच जागा पुन्हा भरून काढते. तिन्ही भांड्यांतला निर्णायक फरक इथे आहे. नॉनस्टिकवरचा ओरखडा कायमचा, अॅनोडाइज्डवरची तडक कायमची, बिडावरचा ओरखडा चार दिवसांचा. सपाट धारेचे आणि गोल कोपऱ्यांचे उलथणे तर बिडाचा खडबडीतपणा हळूहळू कमीच करते. हीच गोष्ट भांडी घासण्याची. अनेक घरांत भांडी घासायला मावशी येतात, त्यांना दिवसाला चारपाच घरे उरकायची असतात आणि त्यांच्या हातात तारेची घासणी असते. त्या प्रत्येक घरातला नॉनस्टिक तवा ओळखून त्याला वेगळा स्पंज लावतील, अशी अपेक्षा धरणे म्हणजे आपल्या खरेदीची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे. बिडाला तार चालते, सौम्य साबणही चालतो. फक्त चिंच किंवा लिंबू लावून घासू नये, रात्रभर पाण्यात भिजत टाकू नये आणि धुतल्यावर लगेच गॅसवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे. गंज आलाच, तर घासून काढायचा आणि पुन्हा मुरवायचे. तवा फेकायची गरज नसते.

बिडात शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते, हा त्याचा आरोग्याच्या दृष्टीने सांगितला जाणारा मोठा गुण. त्यात तथ्य आहे. इथिओपियात लहान मुलांवर केलेला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो; लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेले खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले होते. मात्र लोह उतरते ते मुख्यतः ओलसर, आंबट आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थांत. कोरड्या तव्यावर मिनिटभर भाजलेल्या पोळीत ते फारसे येत नाही. त्यामुळे बिडाचा तवा घेतला म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. उलट, थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असलेल्या व्यक्तीच्या घरी रोजच्या भाजीला लोखंडी कढई वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

ज्या आंबटपणामुळे लोह उतरते, त्याच आंबटपणाने बिडाचा लेपही जातो. चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचे सार, कढी हे पदार्थ बिडात अर्धा तास उकळले, की लेप विरघळतो, रस काळपट होतो आणि जिभेला धातूची चव लागते. वांगीही लोखंडात काळवंडतात. ते विषारी नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवावे असेही नाही. ही कामे स्टीलच्या पातेल्याला किंवा कोटिंग नसलेल्या हार्ड अॅनोडाइज्ड कढईला द्यावीत. बिडात शिजलेले अन्न त्यातच झाकून ठेवू नये, लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे. घावन, अंड्याची पोळी यांच्यासाठी एखादा लहान नॉनस्टिक तवा घरात असायला हरकत नाही, पण त्याच्याशेजारी लाकडी उलथणे टांगलेले हवे आणि त्याच्याखाली मोठा बर्नर नको.

उरतो वजनाचा प्रश्न, आणि बिडाचे कौतुक करणारे तो बहुधा टाळतात. भाजीने भरलेली बिडाची कढई तीन किलोंच्या पुढे जाते. मनगट दुखणाऱ्या, संधिवात असलेल्या किंवा साठी ओलांडलेल्या बाईला ती दिवसातून दोनदा ओट्यावरून उचलायला सांगणे बरे नव्हे. आणि गरम कढई हातातून निसटली, तर पायावर पडण्याचा धोका कोटिंगच्या कणांपेक्षा कितीतरी खरा आहे. अशा घरात तवा तेवढा बिडाचा किंवा जाड लोखंडी पत्र्याचा घ्यावा, कारण तो गॅसवरून फारसा हलत नाही. कढई कोटिंग नसलेली, जाड बुडाची हार्ड अॅनोडाइज्ड घ्यावी, आणि घेताना तिला दोन कान आहेत ना, हे पाहावे. एका लांब दांड्यावर सगळा भार पेलण्यापेक्षा दोन्ही हातांनी उचलणे सोपे पडते.

नवा बिडाचा तवा आणल्यावर पहिल्या आठवड्यात त्यावर पिठले किंवा ऑम्लेट करून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. आधी आठ-दहा दिवस तेल सोडून थालीपीठ, पराठे, काप असे पदार्थ करावेत. थालीपीठ कडेने उलथणे सरकवल्यावर न खरवडता सुटू लागले, की लेप धरला असे समजावे.